‘तुम्हालाही’ म्हणण्याआधी

हॉटेलात वेटर ताट ठेवतो आणि म्हणतो, “एन्जॉय युवर मील, सर.” तुम्ही म्हणता, “यू टू.” तो बिचारा ड्यूटीवर असतो. त्याचं जेवण अजून दोन तास लांब असतं.

विमानतळाच्या काउंटरवरची मुलगी तिकीट हातात देत म्हणते, “हॅपी जर्नी.” तुम्ही म्हणता, “सेम टू यू.” ती कुठेच जाणार नसते. वाढदिवसाला कोणी “हॅपी बर्थडे” म्हटलं, तरी कित्येकांच्या तोंडून “सेम टू यू” निघून जातं. आणि दिवस भरलेल्या सुनेला साठीच्या मावशी म्हणतात, “सुखरूप सुटका होऊ दे गं.” सून म्हणते, “तुमचीही.” मग सगळं घर हसतं आणि ती पदरात तोंड लपवते.

अशी फजिती तुमची झाली असेल, तर मनाला लावून घेऊ नका. पण ती होते कशी हे समजून घ्या. कळलं की टाळणं सोपं आहे.

आधी कारण बघू. बोलताना आपण समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत नाही. २००९ साली दहा भाषांमधल्या गप्पांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपला की दुसऱ्याचं उत्तर साधारण सेकंदाच्या पाचव्या भागात सुरू होतं, असं त्यात दिसलं. पण एखादा साधा शब्द मनात शोधून ओठांवर आणायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार व्हायला लागलेलं असतं. वाक्याचा सूर शुभेच्छेचा आहे एवढं कळलं की पुरे. शुभेच्छा कशाची, हे नंतर कळतं. तोवर “तुम्हालाही” बाहेर पडलेलं असतं.

त्यात आपला सरावही तसाच असतो. दसऱ्याला सोनं देताना तेच, दिवाळीला तेच, एक जानेवारीला तेच, संक्रांतीला तिळगूळ घेतानाही तेच. या सगळ्या दिवसांत “तुम्हालाही” हे उत्तर अगदी बरोबर असतं. “नमस्कार”ला “नमस्कार” आणि “राम राम”ला “राम राम” हेही त्याच चालीचं. आलेलं परत द्यायची जिभेला सवय लागते.

जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने लोकांना आपल्या रोजच्या बारीकसारीक चुकांची वही ठेवायला सांगितली होती. अशा चुका नवख्या कामात कमी आणि हातखंडा असलेल्या कामात जास्त होतात, तेही मन दुसरीकडे असताना, असं त्यातून दिसलं. तुमची फजितीही अशाच वेळी होते. एका हातात बॅग असते, दुसऱ्यात सुटे पैसे, आणि लक्ष गाडीच्या पाटीकडे असतं. तेव्हा हा वेंधळेपणा अडाण्याचा नाही, सरावाचा आहे.

आता काय करायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, एक प्रश्न मनाशी पक्का करा. ज्याची शुभेच्छा मिळतेय, ते दोघांचं आहे की एकट्या माझं?

दिवाळी दोघांची असते. नवं वर्ष दोघांचं असतं. तिथे “तुम्हालाही” म्हणा. वाढदिवस, परीक्षा, आजारपण, बाळंतपण, नवी नोकरी हे ज्याचं त्याचं असतं. तिथे ते म्हणू नका.

जेवण आणि प्रवास मात्र मधले आहेत, म्हणूनच घोळ होतो. शेजारच्या पानावर बसलेले गृहस्थ “सावकाश जेवा” म्हणाले, तर “तुम्हीही” हे उत्तर चोख आहे, कारण तेही जेवताहेत. तेच शब्द वाढप्याने म्हटले तर उत्तर चुकतं. एकाच लग्नाहून दोन कुटुंबं आपापल्या गावी निघाली आणि एकाने “जपून जा” म्हटलं, तर “तुम्हीही” म्हणायलाच हवं. सोडायला आलेल्या माणसाने म्हटलं तर जरा थांबा. शब्द तेच असतात, म्हणणारा काय करतोय त्यावर उत्तर ठरतं.

दुसरी गोष्ट, पहिला शब्द ठरवून ठेवा. तो शब्द “हो.”

आपल्याकडच्या जुन्या शुभेच्छा बहुतेक सांगण्याच्या रूपात असतात. जपून जा. सावकाश होऊ द्या. पोचल्यावर फोन कर. तब्येत सांभाळा. या सगळ्यांना “हो” चालतं. “हो, येतो.” “हो, पोचलो की करतो.” “हो, सांभाळते.” यात चूक व्हायला जागाच नाही. शिवाय “हो” म्हणेपर्यंत तुम्हाला क्षणभर मिळतो. तेवढ्यात समोरच्याचं पूर्ण वाक्य डोक्यात पोचतं आणि पुढचे शब्द नीट येतात.

इंग्रजीतून आलेल्या शुभेच्छांना “हो” बसत नाही. “हॅपी जर्नी”, “ऑल द बेस्ट”, “गेट वेल सून” यांना फक्त “थँक यू” म्हणा आणि थांबा. त्याला “सेम टू यू”चं शेपूट लावू नका. “शुभेच्छा” असा शब्द आला, तर “आभारी आहे” पुरतं.

तिसरी गोष्ट, उत्तर देण्याआधी मान वर करा. चुकीची उत्तरं बहुतेक वेळा ताटाकडे, पाकिटाकडे किंवा फोनकडे बघत दिलेली असतात. चेहरा दिसला की हा वाढणारा आहे, जेवणारा नाही, हे आपोआप कळतं.

हे तिन्ही एका प्रसंगात बसवून बघा.

लग्नाची पंगत आहे. मुलीचे वडील पानांवरून फिरताहेत. “सावकाश होऊ द्या. संकोच करू नका.” तुम्ही जिलबी मोडता मोडता म्हणता, “तुम्हीपण.” आता कितीतरी घरांत कन्यादान होईपर्यंत मुलीचे आईवडील उपाशी असतात. पुढे पाहुण्यांच्या पंगती उठेपर्यंतही ते बसत नाहीत. या माणसाच्या पोटात सकाळपासून चहापलीकडे काही नसेल. तुमचं “तुम्हीपण” त्याला लागणार नाही, तो हसून पुढच्या पानाकडे जाईल. पण त्याच्यापर्यंत काही पोचलंही नाही.

आता मान वर करा. “हो, होतंय सावकाश. मठ्ठा फार छान झालाय. तुमचं जेवण व्हायचंय ना अजून?” तो म्हणेल, “होईल हो.” त्याच्या भुकेची कोणीतरी आठवण ठेवली, हे त्याला कळेल. तुमच्या मनात आलेली “तुम्हालाही”ची भावना बरोबरच होती. तिला फक्त योग्य वाक्य मिळालं.

चौथी गोष्ट, शब्द निघून गेलाच तर काय?

परका माणूस असेल, तर काही करू नका. वेटर, काउंटरवरची मुलगी, दारात डबा घेऊन आलेला पोरगा, हे सगळे असली उत्तरं नेहमी ऐकतात. तुम्ही वळेपर्यंत ते विसरतात. मुलाखत संपताना साहेब “ऑल द बेस्ट” म्हणाले आणि तुम्ही “सेम टू यू” म्हणून बसलात, तर दार उघडून खुलासा करायला परत आत जाऊ नका. चूक एका सेकंदाची असते, खुलासा पाच मिनिटांचा होतो. लक्षात राहतो तो खुलासा.

ओळखीचा माणूस असेल, तर पुढे दोन-तीन शब्द जोडा. मेहुणे तुम्हाला एसटी स्टँडवर सोडायला आलेत. ते म्हणाले “जपून जा”, तुम्ही म्हणालात “तुम्हीपण.” लगेच जोडा, “स्कूटर हळू चालवा.” त्यांनाही घरी जायचंच आहे. चूक राहिलीच नाही. ताट वाढून देणाऱ्या वहिनीला “तुम्हीपण” म्हणालात, तर “तुम्हीपण बसा आता” म्हणा. वाक्य पुरं झालं.

जोडायला काहीच सुचलं नाही, तर हसा. वाढदिवसाला “सेम टू यू” म्हणालात, तर समोरचाही हसेल. विषय तिथेच संपवा.

पाचवी गोष्ट, दुसऱ्याची चूक झाली तर ती धरून बसू नका. विशेषतः मुलांची. वाढदिवसाच्या दिवशी पोरगं बाईंना “सेम टू यू” म्हणालं, की आपण ते पाहुण्यांसमोर दहादा सांगतो. मूल पुढच्या वेळी उत्तरच देत नाही, आईच्या मागे लपतं. त्यापेक्षा घरी शांतपणे सांगा, “वाढदिवस तुझा आहे ना? मग थँक यू म्हणायचं. दिवाळी सगळ्यांची असते, तेव्हा तुम्हालाही म्हणायचं.” चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं.

आता एकच जागा अशी आहे, जिथे खरोखर सांभाळायचं. दुःखाचं घर.

तिथेही हीच सवय दगा देते. एरवी आपण कुठूनही निघताना “येतो” म्हणतो आणि घरचे “या” म्हणतात. भेटायला गेलेल्या घरी माणूस गेलेलं असेल, तर निघताना “येतो” म्हणत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. तरी उंबऱ्यात चपला शोधताना तोंडून निघतं. म्हणून तिथे जाण्याआधीच ठरवा, की निघताना बोलायचं नाही. हात जोडायचे किंवा जवळच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि निघायचं. चुकून “येतो” निघालंच, तर तिथे सारवासारव करू नका. घरच्यांना त्या वेळी बहुधा ऐकूही आलेलं नसतं.

आणि फोनवर तर जास्तच जपा. ग्रुपवर सकाळी कोणाचा वाढदिवस असतो, दुपारी कोणाचा निकाल असतो, आणि त्याच रांगेत संध्याकाळी निधनाची बातमी येते. फोटो दिसला, नाव दिसलं, की अंगठा सवयीने “हार्दिक अभिनंदन” पाठवून मोकळा होतो. बोललेला शब्द हवेत विरतो, हा मात्र शंभर जणांसमोर राहतो. तेव्हा फोटो बघून लिहू नका. मजकूर शेवटपर्यंत वाचा, मग लिहा. चुकीचं गेलंच, तर लगेच पुसा. तोवर त्या घरच्यांनी ते वाचलं असेल, तर “चुकून गेलं, माफ करा” एवढंच त्यांना वेगळं कळवा. ग्रुपवर त्याची चर्चा करू नका.