विश्लेषण : एकाच कंपनीत बढत्या मिळाल्या, म्हणजे उमेदवार योग्यच?

नोकरभरतीत आलेल्या बायोडेटांना गुण देताना ‘एकाच कंपनीत झालेली प्रगती’ हा निकष हल्ली अनेक कंपन्यांच्या तक्त्यात असतो. हा निकष चुकीचा नाही, पण तो बहुतेकदा पदनामे मोजून लावला जातो आणि तिथेच निवड फसते. बढती नेमके काय सांगते, काय सांगत नाही आणि तिला गुण कसे द्यावेत, याचा हा आढावा.

बढतीला इतके महत्त्व का?

बायोडेटातील बहुतेक मजकूर उमेदवाराने स्वतःविषयी लिहिलेला असतो. बढती मात्र दुसऱ्या कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. ज्यांनी त्या माणसाला दोन-तीन वर्षे रोज काम करताना पाहिले, त्याच्या चुका निस्तरल्या, त्यांनीच त्याच्यावर अधिक मोठे काम सोपवले, असा तिचा अर्थ. बाहेरून नोकरीवर घेणाऱ्याला तासाभराच्या मुलाखतीत एवढी माहिती मिळणे शक्य नसते. म्हणूनच कंपनी बदलून मिळालेले मोठे पद आणि आहे त्याच कंपनीत मिळालेले मोठे पद यांचे वजन सारखे नसते. पहिल्यात नव्या मालकाचा अंदाज असतो, तर दुसऱ्यात जुन्या मालकाचा अनुभव.

या तर्काला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतील व्हार्टन स्कूलचे प्राध्यापक मॅथ्यू बिडवेल यांनी एका गुंतवणूक बँकेतील नोंदी तपासून 2011 मध्ये निष्कर्ष मांडला की, बाहेरून घेतलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा साधारण 18 टक्के जास्त पगार दिला जात होता, पण पहिली दोन वर्षे त्यांच्या कामाचे मूल्यमापन तुलनेने कमी येत होते. आतल्या माणसाला आतली माहिती असण्याचा हा फायदा आहे. मात्र तो फायदा त्या कंपनीपुरता असू शकतो. तो माणूस नव्या ठिकाणी येतो तेव्हा जुन्या कंपनीची यंत्रणा, ओळखी आणि कामाच्या पद्धती मागेच राहतात.

प्रत्येक नवे पदनाम म्हणजे बढती का?

नाही. आपल्याकडच्या बायोडेटात तीन प्रकारचे बदल एकाच रांगेत लिहिलेले असतात. पहिला प्रकार आपोआप होणारा. पदविका किंवा पदवी घेऊन कारखान्यात ‘ट्रेनी’ म्हणून लागलेला अभियंता साधारण वर्षभराने कायम होतो आणि त्याच्या नावापुढे ‘इंजिनिअर’ लागते. प्रशिक्षण संपल्याची ती नोंद असते. तिला निवड म्हणता येत नाही. मोठ्या आयटी कंपन्यांत सुरुवातीच्या एक-दोन पायऱ्याही बऱ्याचदा वर्षांच्या हिशेबाने चढल्या जातात. सरकारी नोकरीत तर हे अधिक स्पष्ट आहे. आश्वासित प्रगती योजनेत 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरचा वेतनस्तर मिळतो, मात्र टेबल आणि काम तेच राहू शकते.

दुसरा प्रकार नावापुरता. पगारवाढ फारशी देता येत नसेल आणि माणूस सोडून जाऊ नये असे वाटत असेल, तर कंपनी ‘सीनियर’ हा शब्द देते. तिसरा प्रकार खरा: हाताखालची माणसे, खर्चाचे अधिकार, ग्राहक किंवा यंत्रे यांची व्याप्ती वाढते आणि चूक झाली तर जाब विचारला जाईल असा माणूस बदलतो. गुण द्यायचे ते या तिसऱ्याला.

पदनामाची किंमत क्षेत्रानुसारही बदलते. खासगी बँकेतील ‘असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट’ आणि कारखान्यातील ‘व्हाइस प्रेसिडेंट’ हे शब्द जवळचे वाटले तरी त्यांच्यातील अंतर मोठे आहे. दीडशे माणसांच्या कंपनीत मुळात तीनच पायऱ्या असतात. तिथे आठ वर्षांत एकच बढती मिळाली तर ती संथ प्रगती ठरत नाही. त्या शिडीला तेवढेच दांडे असतात.

एका उदाहरणाने हिशेब कसा दिसतो?

चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याला मशीन शॉपचा प्रमुख हवा आहे, असे गृहीत धरू. तीन पाळ्या, 70 ते 80 कामगार, कच्च्या मालापासून तपासणीपर्यंतची जबाबदारी. दोन काल्पनिक बायोडेटा समोर आहेत. दोघेही 2015 पासून एकाच कंपनीत आहेत.

पहिला उमेदवार मोठ्या कंपनीतला. 2016 मध्ये ट्रेनीचा इंजिनिअर, 2019 मध्ये सीनियर इंजिनिअर, 2021 मध्ये असिस्टंट मॅनेजर, 2024 मध्ये डेप्युटी मॅनेजर. दुसरा छोट्या कंपनीतला. 2016 मध्ये इंजिनिअर आणि 2021 मध्ये सीनियर इंजिनिअर, एवढेच. पदनाम बदलाला प्रत्येकी 5 गुण असा सोपा तक्ता लावला, तर पहिल्याला 20 आणि दुसऱ्याला 10. दुसरा बायोडेटा बहुधा वाचलाही जाणार नाही.

आता प्रत्येक बदलाखाली लिहिलेले काम वाचू. गुण असे ठेवू: आपोआप झालेल्या बदलाला शून्य, नाव बदलले पण काम तेच असेल तर 1, जबाबदारी खरोखर वाढली असेल तर 4, आणि त्या वाढलेल्या जबाबदारीत किमान दीड वर्ष टिकला असेल तर आणखी 2.

पहिल्या उमेदवाराचा 2016 चा बदल आपोआपचा, म्हणून शून्य. इंजिनिअर असताना त्याच्याकडे एक लाइन आणि 12 ऑपरेटर होते. सीनियर झाल्यावरही तेच होते, म्हणून 1. 2021 मध्ये दोन लाइन, तीन पाळ्या आणि 40 माणसे आली आणि तो तीन वर्षे तिथे टिकला, म्हणून 6. 2024 मध्ये नाव बदलले पण काम तेच राहिले, म्हणून पुन्हा 1. एकूण 8.

दुसऱ्याचाही 2016 चा बदल शून्य. 2018 मध्ये पदनाम न बदलता त्याच्याकडे दुसऱ्या पाळीची पूर्ण जबाबदारी आली आणि त्याने ती तीन वर्षे सांभाळली, म्हणून 6. 2021 मध्ये सीनियर होताना दोन्ही मशीन शॉप, तीन पाळ्या आणि 60 माणसे त्याच्याकडे आली, ती आजही आहेत, म्हणून आणखी 6. एकूण 12. क्रम उलटला. शिवाय कारखान्याला जे काम करून घ्यायचे आहे, त्याच्या अधिक जवळ दुसराच आहे.

यातले 4, 2 आणि 1 हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. कारखान्याने आपल्या गरजेप्रमाणे ते ठरवावेत. पण आपोआपच्या बदलाला शून्य आणि टिकण्याला वेगळे गुण, ही दोन तत्त्वे सोडू नयेत.

टिकण्याला वेगळे गुण कशासाठी?

कारण बढती मागे पाहून दिली जाते आणि काम पुढचे असते. अॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या अर्थतज्ज्ञांनी अनेक अमेरिकी कंपन्यांतील विक्री विभागांच्या नोंदी तपासून 2019 मध्ये दाखवले की, कंपन्या उत्तम विक्री करणाऱ्यालाच व्यवस्थापक करतात, पण बढतीपूर्वी ज्यांची विक्री अधिक होती, त्यांच्या हाताखालील माणसांची कामगिरी तुलनेने घसरली. म्हणजे बढती ही आधीच्या कामाची पावती असते. पुढचे काम जमले का, हे बढतीनंतरचा काळच सांगतो. बढती मिळाल्यावर सहा-आठ महिन्यांतच अर्ज करणाऱ्याला त्या बढतीचे पूर्ण गुण देऊ नयेत. कदाचित तो चांगलाच असेल, पण पुरावा अजून तयार व्हायचा आहे. मुलाखतीत त्याला नव्या पदावरचा पहिला कठीण निर्णय विचारावा.

छाननीत कोणावर अन्याय होतो?

सर्वात आधी बायोडेटाच्या मांडणीमुळे. कोणी कंपनीचे नाव एकदा लिहून फक्त शेवटचे पद देतो, तेव्हा नऊ वर्षांची वाटचाल एका ओळीत गडप होते. कोणी प्रत्येक पदापुढे कंपनीचे नाव पुन्हा लिहितो, तेव्हा छाननीचे सॉफ्टवेअर किंवा घाईतला माणूस ते चार नोकऱ्या समजतो आणि ‘सारखा नोकरी बदलणारा’ असा शिक्का बसतो. विलीनीकरणाचेही तसेच. देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, तर एचडीएफसी लिमिटेड 1 जुलै 2023 रोजी एचडीएफसी बँकेत. त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या बायोडेटात मालकाचे नाव बदललेले दिसेल, पण त्यांनी नोकरी बदललेली नाही. म्हणून गुण देण्याआधी नोंदी कंपनीनुसार एकत्र कराव्यात.

दुसरा अन्याय बढत्यांमधील अंतर मोजल्याने होतो. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. ती रजा वार्षिक मूल्यमापनाच्या काळात आली तर त्या वर्षीची बढती हुकू शकते. शिवाय वर उल्लेखलेल्या तिघा अर्थतज्ज्ञांनीच उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या विक्री साखळीच्या नोंदींवरून दाखवले आहे की, स्त्रियांच्या कामाला पुरुषांपेक्षा चांगले गुण मिळत होते, पण ‘भावी क्षमते’चे गुण कमी दिले जात होते आणि त्यामुळे त्यांच्या बढत्या मागे पडत होत्या. जुन्या कंपनीने पक्षपात केला असेल, तर बढत्या मोजणारी नवी कंपनी तोच पक्षपात पुढे चालवते. म्हणून बढती असेल तर गुण द्यावेत, नसेल तर कापू नयेत.

मग निकष ठेवावा की काढावा?

ठेवावा, पण शंभरपैकी पंधरा-वीस गुणांपुरता, आणि कामाच्या कौशल्यांनंतर. पदनामाशिवाय वाढलेली जबाबदारी हा उमेदवाराचा दावा असतो. तो आकड्यांसह लिहिलेला असेल तरच छाननीत मान्य करावा आणि मुलाखतीनंतर बढतीपत्र किंवा जुन्या वरिष्ठाशी बोलून पडताळावा. ‘दुसरी पाळी सांभाळली’ म्हणणाऱ्याला किती यंत्रे, किती माणसे, मालाची नापसंती किती आणि रात्री यंत्र बंद पडले तर कोणाला फोन जायचा, हे विचारले की खरे-खोटे पाच मिनिटांत कळते.

उमेदवारांनीही कंपनीचे नाव आणि एकूण काळ एकदाच लिहून त्याखाली प्रत्येक पद, महिना-वर्ष आणि त्या पदावर नव्याने आलेले काम एका ओळीत द्यावे. छोट्या कंपनीत असाल तर तिचा आकार आणि तिथे किती पायऱ्या आहेत, तेही लिहावे. त्याशिवाय वाचणाऱ्याला शिडीची उंची कळत नाही, आणि ती न कळता दिलेले गुण कारखान्यालाच महागात पडतात.