पाणी तेच, वाट वेगळी

कल्पना करा, पावसाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात एकाच रात्री दोन शेतमजूर येतात. एकाला संध्याकाळी धुऱ्यावरचे दगड उचलताना लाल विंचू चावला आहे. दुसरा पाच दिवस तापाने फणफणला आहे. दोघांनाही धाप लागली आहे आणि दोघांच्याही एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसे पांढरी दिसतात. दोघांच्या चिठ्ठीवर 'फुफ्फुसात पाणी' एवढेच लिहून त्यांना पुढे पाठवले जाते. ही चिठ्ठी अपुरी आहे. (हे पाणी सुईने काढता येत नाही. सुईने काढतात ते फुफ्फुसाच्या आवरणात साठलेले पाणी.)

विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, मागे फुफ्फुसात रक्त तुंबते आणि दाबाने पाणी झिरपते. म्हणजे इथे नळी धड आहे, दाब वाढला आहे. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नेमके हेच ओळखले आणि आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी, रक्तदाबासाठीची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी ते मांडले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण एक-दोनवर आले.

तापाच्या रुग्णात गोष्ट उलटी असते. जांघेत किंवा काखेत काळी खपली सापडली, तर स्क्रब टायफसचा दाट संशय घ्यावा. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. या आजाराचे जंतू केशवाहिन्यांच्या अस्तरावरच घाव घालतात. हृदय ठीक असते, दाबही वाढलेला नसतो. पण चाळणी झालेल्या भिंतीतून पाणी आणि त्यासोबत प्रथिनेही फुफ्फुसाच्या पिशव्यांत उतरतात. लघवी वाढवणाऱ्या इंजेक्शनने ती भोके बुजत नाहीत. आधीच कमी असलेला रक्तदाब मात्र आणखी घसरू शकतो. प्राझोसिनही इथे घातकच. त्याला लवकरात लवकर डॉक्सिसायक्लिन हवे, ऑक्सिजन हवा, आणि व्हेंटिलेटर लागलाच तर श्वास लहान ठेवावा लागतो: उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला सुमारे सहा मिलिलिटर. दाबाचे पाणी बहुधा तासांत ओसरू लागते. गळतीचे पाणी ओसरायला दिवस, कधी आठवडे लागतात.

हृदयाची सोनोग्राफी हा फरक बऱ्याचदा दाखवते, पण ती रात्री प्रत्येक तालुक्यात कुठली मिळायला! तोवर रक्तदाब किती, हातपाय गार की गरम, मानेच्या शिरा फुगल्या आहेत का, ताप किती दिवसांचा, दंश किती वाजता, एवढे तरी पाहता येते. अर्थात कधी दोन्ही वाटा एकत्र असतात. स्क्रब टायफस हृदयाच्या स्नायूलाही सोडत नाही. म्हणूनच रेफरच्या चिठ्ठीवर ही पाच उत्तरे छापील रकान्यांत असावीत. बुलढाण्याहून अकोल्याला किंवा संभाजीनगरला पोहोचेपर्यंत रुग्ण बोलण्याच्या स्थितीत राहीलच असे नाही, आणि विंचवाची वेळ सोबतच्या नातेवाइकालाही आठवत नाही.