गरम पाण्यातला मध आणि मेसेजमधले विष

दर हिवाळ्यात एक मेसेज फिरतो. चाळीस अंशांच्या वर गेलेला मध विष बनतो, गरम पाण्यात तो घालू नका, गरम काढ्यात तर मुळीच नाही. खाली एक इंग्रजी नाव जोडलेले असते, हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युराल, म्हणजे एचएमएफ. त्या नावाने काम फत्ते होते. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका सकाळचे लिंबू-मध-पाणी आता थंड करून पितात, आणि सर्दी झालेल्या पोराला गरम पाण्यातला मध द्यायला घाबरतात.

इशारा जुना आहे, हे आधी मान्य करू. चरकसंहितेत आणि सुश्रुतसंहितेत तो स्पष्ट आहे. कारणही दिले आहे: माश्या नाना फुलांचा रस गोळा करतात, त्यात विषारी झाडेही असतात, म्हणून मधात विषाचा अंश धरायचा आणि उष्णतेशी त्याचे वैर मानायचे. शास्त्राने अपवादही ठेवला आहे. वमनासाठी गरम मध चालतो, कारण तो न पचताच बाहेर पडतो. आपल्या चौकटीत हा विचार सुसंगत आहे, आणि आयुर्वेदाचे कारखाने तो पाळतातही. च्यवनप्राशात मध घालतात तो पाक थंड झाल्यावर.

पण या कारणात एचएमएफ कुठेच नाही. ग्रंथ म्हणतो विषारी फुले, मेसेज म्हणतो साखरेपासून बनणारे रसायन. निष्कर्ष जुना ठेवायचा, त्याच्याखालचे कारण मात्र गुपचूप बदलायचे आणि वर विज्ञानाचा शिक्का मारायचा, ही पद्धत मला खटकते. त्यात ग्रंथाचा मान राहत नाही आणि विज्ञानाचाही राहत नाही.

आता आमच्या बाजूचा मर्तबान बघा. युनानी दवाखान्यात माजून कशी बनते? मध मंद आचेवर चढवतात, उकळी आली की वर येणारा फेस काढून टाकतात, किवाम म्हणजे पाक हवा तितका घट्ट झाला की आचेवरून उतरवतात आणि बारीक चाळलेली औषधांची पूड त्या गरम पाकात घोटून मिसळतात. पुडीच्या साधारण तिप्पट मध. म्हणजे मेसेज ज्याला विष म्हणतो, ती नेमकी कृती हकीम शेकडो वर्षे करत आले आहेत. माजून खाणारे सगळे निरोगी राहिले, असा याचा अर्थ नाही, आणि माजून गुणकारी असल्याचा हा पुरावाही नाही. पण तापवलेल्या मधाने माणूस दगावतो, हा दावा मात्र त्या मर्तबानापुढे टिकत नाही.

रसायनशास्त्र काय दाखवते? मध आम्लधर्मी असतो आणि त्यात फळसाखर भरपूर असते. आम्लाच्या संगतीत उष्णता लागली की फळसाखरेच्या रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून जातात, उरते ते एचएमएफ. इथपर्यंत मेसेज खरा आहे. प्रश्न वेगाचा आहे. एक किलो मधात ३० मिलिग्रॅम एचएमएफ तयार व्हायला ४० अंशांवर साधारण २० ते ५० दिवस लागतात, ७० अंशांवर ५ ते १४ तास. मग अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ वर असताना दुकानाच्या फळीवर महिनाभर पडलेल्या बाटलीचे काय? चाळीस अंशांचा नियम खरा असता तर विदर्भातले निम्मे दुकानदार आज तुरुंगात असते. शिवाय बहुतेक कंपन्या मध भरण्याआधी साठ-पासष्ट अंशांवर तापवतात, म्हणजे तो लवकर आंबत किंवा गोठत नाही. थंड पाण्यात घालून 'कच्चा' म्हणून जो पितात, तो बहुधा आधीच तापून आलेला असतो.

एक कप धरू. एक चमचा मध म्हणजे सात ग्रॅम. भारतात मधातल्या एचएमएफची कायदेशीर मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे. बाटलीत अगदी तेवढे असले तरी चमच्यात येते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. उकळते पाणी कपात ओतले की लगेच निवू लागते, दहा मिनिटांत ते पिण्याजोगे होते. तेवढ्या वेळात जी भर पडते ती मिलिग्रॅमच्या अगदी किरकोळ अंशाची. आणि तोच माणूस दुपारी फिल्टर कॉफी पितो. भाजलेल्या कॉफीच्या पुडीत किलोमागे शेकडो मिलिग्रॅम एचएमएफ असते, म्हणजे दहा ग्रॅम पुडीतून काही मिलिग्रॅम सहज जाते. पावाचा करपलेला कडा, सुकी आलुबुखारे, गुळाचा पाक, सगळीकडे तेच. जर्मनीच्या सरकारी जोखीम मूल्यमापन संस्थेने २०११ मध्ये सांगितले की अन्नात सापडणाऱ्या प्रमाणात त्यापासून आरोग्याला धोका दिसत नाही. किलोमागची मर्यादा मुख्यतः मध जुना, फार तापवलेला किंवा भेसळीचा आहे का, हे ओळखण्यासाठी असते.

या वादात नेहमी पुढे केला जाणारा अभ्यास म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेचा, २०१० चा. त्यात मध ६० आणि १४० अंशांवर तापवला होता. पाणी शंभरलाच उकळते, तेव्हा १४० अंश तुमच्या कपात येणारच नाहीत. तापवलेला मध तुपात मिसळून उंदरांना खाऊ घातला. त्यांचे खाणे, वजन, अवयवांचे वजन यांत लक्षणीय फरक पडला नाही. तरीही निष्कर्षात तो पुढे विषासारखा वागू शकतो असे लिहिले, आणि लोकांनी तेवढेच वाक्य उचलले. उंदीर मात्र शांतपणे खात राहिले, ते मेसेजमध्ये येत नाही.

एचएमएफ खरेच विषारी ठरते ते मधमाश्यांना. जास्त एचएमएफ असलेला पाक त्यांना दिला तर त्यांना हगवण लागते आणि त्या मरतात, म्हणून मधपाळ त्याबाबत दक्ष असतात. आणि तापवल्याने मधाचे नुकसानही होते: सुवास उडतो, विकरे नष्ट होतात. त्यांतले एक विकर हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते, जखमेवर मध चालतो तो बऱ्याच अंशी त्यामुळे. जखमेसाठी तापवलेला मध घेऊ नये, हे रास्त आहे. कपातल्या मधाची विकरे तशीही पोटातल्या आम्लात जाणार असतात.

इतके सांगितले की आमच्यातले काही जण खूश होतात. सूरह नहलमध्ये मधात शिफा सांगितली आहे, म्हणजे मध कसाही, कुणालाही द्या! तर त्यांच्यासाठी. नवजात बाळाच्या जिभेला मध लावण्याची रीत आपल्याकडे आहे, शेजारच्या हिंदू घरांत मध-तूप चाटवण्याची आहे. तहनीकच्या हदीसमध्ये खजूर आहे. खजूर नसेल तर दुसरे गोड, म्हणून मध आत येतो. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि तिथेच विष बनवतात. आजार विरळ आहे, पण जीवघेणा होऊ शकतो. सुरुवात बद्धकोष्ठाने होते, मग बाळाचे दूध ओढणे मंदावते, रडण्याचा आवाज क्षीण होतो, पापण्या मिटू लागतात, मान सावरत नाही. अशा वेळी गुटी उगाळत बसू नये, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे आणि मध चाटवला होता हे लपवू नये.

आणि मध उकळून दिला तर? ते बीजाणू उकळत्या पाण्याने मरत नाहीत. त्यांना १२१ अंशांची दाबाखालची वाफ लागते.