तुम्ही झोपेत होतात तेव्हा सोनं पडलं

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण तुम्ही आजीकडून ऐकली असेल. पण या पाळण्याला सगळ्यात मोठा झोका बसतो तेव्हा जालन्याच्या सराफ्यातली शटरं खाली असतात.

९ ऑगस्ट २०२१, सोमवार. आपल्याकडे पहाटेचे चार-साडेचार. एक औंस, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम सोनं शुक्रवारी जवळपास १७६० डॉलरवर थांबलं होतं. काही मिनिटांतच ते १६९० डॉलरच्याही खाली गेलं. थेट चार टक्के! युद्ध नाही, बँक बुडाली नाही. शुक्रवारी अमेरिकेत नोकऱ्यांचे आकडे दमदार आले आणि त्याच दिवशी सोनं घसरलं, एवढी बातमी होती. पण ती शुक्रवारचीच. मग सोमवारी पहाटे नवीन काय घडलं?

नवीन एवढंच की बाजारात माणसं नव्हती. अमेरिकेत अजून रविवारची संध्याकाळ होती, लंडन झोपेत होतं, आणि जपान व सिंगापूरला त्या दिवशी सुट्टी होती. व्यवहार चालू, पण खरेदीदार मोजके. यालाच पातळ बाजार म्हणतात.

आपल्या मोसंबीच्या बिटावर आणून बघा. (आकडे माझे, समजण्यापुरते.) पहाटे दोनच व्यापारी आलेत. एक म्हणतो, ‘वीस रुपयांनी दहा क्विंटल घेतो.’ दुसरा म्हणतो, ‘अठराने दहा.’ तेवढ्यात एक जण पन्नास क्विंटल ओततो आणि म्हणतो, ‘येईल त्या भावात काढा.’ वीस क्विंटल लगेच जातात. उरलेल्या तीसला कुणीतरी बारा रुपये म्हणतं आणि बोर्डावर ‘मोसंबी बारा’ असं लागतं. मोसंबी आंबट झालेली नाही, फक्त घेणारे संपले. शेअर बाजाराच्या भाषेत ही ‘मार्केट ऑर्डर’. भावाची अट नाही, फक्त विकायचं.

सोन्यात यापुढे आणखी एक गंमत होते, आणि तीच महागात पडते. अनेकांनी आधीच ‘स्टॉप लॉस’ लावून ठेवलेला असतो, म्हणजे भाव अमुक खाली गेला की माझं आपोआप विका. लोक हे आकडे गोल ठेवतात किंवा आधीच्या नीचांकाच्या जरा खाली. पहिली मोठी विक्री भावाला तिथपर्यंत ढकलते, मग हे स्टॉप फुटतात, त्यांच्या विक्रीने भाव पुढच्या स्टॉपपर्यंत जातो. पत्त्यांचा बंगला. शिवाय एरवी सतत खरेदी-विक्रीचे भाव लावणारी संगणकी यंत्रणा अशा वेळी धोका ओळखून मागे सरते. म्हणजे घेणारे सर्वांत जास्त हवेत तेव्हाच ते कमी होतात.

मग भाव उसळतो कसा? स्टॉप फुटून संपले की विकायला घाई असलेला कुणी उरत नाही. वर विकून बसलेले खालच्या भावात माल घेऊन नफा खिशात टाकतात. पाठोपाठ मोठे बाजार जागे होतात आणि त्यांना सोनं उगाच स्वस्त दिसतं. त्या सोमवारी पडलेल्यातला मोठा भाग काही तासांत भरून निघाला. सगळा नाही, कारण शुक्रवारची बातमी खरी होती. पण ऑगस्ट संपता संपता सोनं १८०० डॉलरच्या वर होतं.

म्हणून ‘पडलं की उसळणारच’ असं धरून चालू नका. २० जुलै २०१५ला, तेही जपानच्या सुट्टीच्या दिवशी, शांघाय आणि न्यूयॉर्कमध्ये काही मिनिटांत असाच विक्रीचा लोंढा आला आणि भाव ११०० डॉलरखाली गेला. थोडा सावरलाही. पण तेव्हा बाजाराचा कलच खाली होता, आणि डिसेंबरपर्यंत सोनं १०५०च्या आसपास आलं. २३ जुलै २०२४ची पडझड तर वेगळीच. अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि आपल्याकडचा भाव एका दिवसात धाडकन उतरला. ही घसरण भरदिवसा झाली, तिचं कारण जाहीर होतं आणि ती भारतापुरतीच होती. तिथे काही तासांत उसळी मारायला कारणच नव्हतं.

आता तुमच्यापैकी जे मोबाइलवर एमसीएक्सचा एक ग्रॅमचा ‘गोल्ड पेटल’ घेतात त्यांच्यासाठी. एमसीएक्स सकाळी नऊला उघडतं. पहाटेचा तो तळातला भाव तुम्हाला खरेदीला मिळतच नाही. जालन्यातल्या दुकानात तर नाहीच, तिथे दर दहा-अकराला लागतो. पण खाली उघडलेला बाजार मात्र तुम्हाला भेटतो. समजा, तुमचा स्टॉप शुक्रवारच्या भावापेक्षा शंभर रुपये खाली आहे आणि सोमवारी बाजार पाचशे खाली उघडला, तर विक्री पाचशेच्या जवळपास होते, शंभरला नाही. आणि दुपारपर्यंत भाव वर आला तरी तुमच्याकडे सोनं उरलेलं नसतं.