विसर्ग म्हणजे नक्की काय करू?

माझा मित्र मोबाईलवर शहापूर-मुरबाडचं बातमीपत्र करतो. चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ, गावोगावच्या ग्रुपवर फिरणारा. स्क्रिप्टवर मी हात फिरवतो आणि दर पावसाळ्यात आमचं एकाच शब्दावरून वाजतं: विसर्ग.

प्रेसनोटचा नेहमीचा साचा घ्या. आकडा मी नमुन्यासाठी घातलाय.

"भातसा धरणाच्या पाणलोट क्षेत्रातील पर्जन्यवृष्टीमुळे जलपातळीत वाढ झाली असून, सायंकाळी सहा वाजता १०,००० क्युसेक विसर्ग करण्यात येणार आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्कता बाळगावी."

मित्र म्हणतो, हे असंच वाचायचं. साधं बोललो तर बातमी हलकी वाटते. माझं म्हणणं, हे असं वाचलं तर बातमी पोचतच नाही.

शाळेत शिकलेला विसर्ग म्हणजे 'दुःख'मधले दोन टिंब. धरणाच्या बातमीत तो अचानक पाणी होतो. छापलेलं असेल तर वाचणारा मागे जाऊन परत वाचेल. ऐकणारा अडखळतो तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं. जी आजी चुलीपाशी बसून नातवाच्या फोनवर हे ऐकते, तिच्या कानात 'भातसा' आणि 'सहा वाजता' एवढंच उरतं. मधलं कळायला हवं होतं.

पण नुसते शब्द बदलून भागत नाही. खरी गोम 'करण्यात येणार आहे'मध्ये आहे. कोण करणार? 'पाणी सोडणार' म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. भातसा जलसंपदा विभागाचं, मुरबाडकडचं बारवी एमआयडीसीचं. सापगावच्या पुलापाशी पाणी वाढलं तर कुणाला विचारायचं, हे त्या एका कर्त्यावर ठरतं. फाईलमध्ये कर्ता लपला तर चालत असेल. बातमीत तो लपवणं म्हणजे बातमीच अर्धी ठेवणं.

'सतर्कता बाळगावी'चंही तेच. सतर्कता बाळगायची म्हणजे करायचं काय? गुरं वर आणायची? नदीतला पंप काढायचा? पूल टाळायचा? हे आपण मनाने ठरवून सांगायचं नाही. तहसील कार्यालयाला किंवा धरणाच्या कार्यालयाला फोन करून विचारायचं आणि ते सांगतील तेच वाचायचं. सोपं लिहिणं म्हणजे कमी काम, असं वाटणाऱ्यांनी हा एक फोन करून बघावा. 'सतर्कता' हा शब्द बऱ्याचदा तो फोन वाचवण्यासाठीच वापरला जातो.

राहिला क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला २.८ लाख लिटर: दहा हजार लिटरचे २८ टँकर, दर सेकंदाला. ज्या तालुक्यातून मुंबईला पाणी जातं आणि उन्हाळ्यात ज्याच्याच पाड्यांवर टँकर फिरतात, तिथे हे माप कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता तीच बातमी:

"भातसा धरणाचे दरवाजे आज संध्याकाळी सहाला उघडणार आहेत. जलसंपदा विभाग नदीत पाणी सोडणार आहे, सेकंदाला दहा हजार लिटरचे २८ टँकर भरतील एवढं. नदी वाढेल."

यापुढे फोनवर मिळालेल्या सूचना, एका वाक्यात एकच. यात 'बोली' म्हणून हिणवावं असं काय आहे? मी कुणब्यांची, ठाकरांची किंवा आगऱ्यांची बोली ओढूनताणून वापरा म्हणत नाही. स्टुडिओतल्याने ती नक्कल केली की तमाशा होतो. सगळ्यांना कळणारे रोजचे शब्द एवढंच मागणं आहे. त्यात 'टँकर' आणि 'लाईट'ही आले. 'वीजपुरवठा खंडित' कुणाच्या घरात होतो? आपल्याकडे लाईट जाते.

मित्राचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. पोलिसांच्या बातमीत 'आरोपी'च्या जागी 'चोर' आणि 'ताब्यात घेतलं'च्या जागी 'अटक केली' लिहायचं नाही. तिथे शब्द बदलला की अर्थ बदलतो आणि निर्दोष माणसाची गावात कायमची बदनामी होते. तो औपचारिक शब्द कुणाचं तरी रक्षण करतो. म्हणून माझी कसोटी सोपी आहे: हा जड शब्द कुणाला वाचवतोय? आरोपीचा हक्क वाचवत असेल तर राहू द्या. नुसती साहेबाची सही आणि आपला फोन वाचवत असेल तर काढा.

भाषा संचालनालय १९६० साली निघालं, १९६२ साली पदनाम कोश आला. इंग्रजीत चालणारा कारभार मराठीत आणायचा तर शब्द घडवावे लागणारच होते आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण ते शब्द कचेरीच्या टेबलासाठी होते. नदीकाठी उभ्या माणसाला ते जसेच्या तसे ऐकवणं, यात मराठीचा मान कुठे राहतो? मान त्या माणसाचा राखा. त्याला सहाच्या आत कळलं पाहिजे की पाणी येतंय.