पाच माणके आणि एक होकार



आजची गोष्ट फार जुनी आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात असत्याचे उदाहरण म्हणून सत्यघोषाचे नाव येते. त्याची सगळी कथा आचार्य प्रभाचंद्रांनी त्या ग्रंथाच्या टीकेत सांगितली आहे.

सिंहपूर नावाचे एक नगर होते. तेथे सिंहसेन राजा राज्य करीत असे. राणीचे नाव रामदत्ता आणि राजपुरोहिताचे नाव श्रीभूती. हा श्रीभूती आपल्या जानव्याला एक लहानशी सुरी बांधून गावभर फिरे आणि म्हणे, “माझ्या तोंडून कधी खोटे निघाले, तर याच सुरीने मी माझी जीभ कापून टाकीन!” लोकांना ते खरे वाटले. त्यांनी त्याला दुसरे नाव दिले, सत्यघोष. परगावी जाणारे लोक आपले धन निर्धास्तपणे त्याच्याकडे ठेवू लागले.

पण धन परत देताना हा सत्यघोष काय करी? थोडे देई आणि बाकीचे आपल्याकडेच ठेवी. लोकांना ते कळे. पण बोलायची भीती वाटे. कोणी धीर करून बोललाच, तरी राजा ऐकून घेत नसे. ज्याच्या जानव्याला सुरी बांधलेली, तो खोटे कसा बोलेल?

एकदा पद्मखंडपूरहून समुद्रदत्त नावाचा व्यापारी आला. त्याच्याजवळ पाच अमोल माणके होती. ती सत्यघोषाकडे ठेवून तो समुद्रापार व्यापाराला गेला. तेथे त्याने पुष्कळ धन मिळवले. पण परतताना जहाज फुटले आणि सारे बुडाले. एका फळीच्या आधाराने तो कसाबसा किनाऱ्याला लागला. ‘आता आपली पाच माणके तरी आहेत,’ असे मनाशी म्हणत तो सिंहपुरास आला.

फाटक्या वस्त्रांतला समुद्रदत्त दुरून येताना दिसला, तेव्हा सत्यघोष जवळ बसलेल्या माणसांना म्हणाला, “बिचाऱ्याचे जहाज फुटलेले दिसते. त्यामुळे त्याला वेड लागले आहे. बघा हं, आता तो माझ्याकडे माणके मागेल.” आणि खरोखरच समुद्रदत्ताने हात जोडून माणके मागितली! लोकांनी त्याला वेडा ठरवून हाकलून दिले.

समुद्रदत्ताजवळ ना साक्षीदार होता, ना चिठ्ठी. राजवाड्याजवळ एक चिंचेचे झाड होते. रोज पहाटेच्या अंधारात तो त्या झाडावर चढे आणि ओरडून सांगे, “सत्यघोष माझी पाच माणके देत नाही!” असे सहा महिने चालले.

एके दिवशी राणी रामदत्ता राजाला म्हणाली, “महाराज, हा मनुष्य वेडा नाही. वेडा रोज वेगळे बोलतो. हा रोज तेच बोलतो.” राजाने शोध घेण्याचे काम राणीवरच सोपवले.

राणीने सत्यघोषाला सोंगट्या खेळायला बोलावले. खेळता खेळता तिने त्याची अंगठी जिंकली. ती आपल्या दासीला, निपुणमतीला, देऊन तिला हळूच त्याच्या घरी पाठवले. निपुणमतीने अंगठीची खूण दाखवून माणके मागितली. पण पुरोहिताच्या पत्नीने ती दिली नाहीत. मग राणीने सुरी बांधलेले जानवेच जिंकले. ती खूण पाहिल्यावर मात्र पत्नीचा विश्वास बसला आणि तिने माणके काढून दिली. ज्या सुरीच्या जोरावर सत्यघोषाने जग फसवले, तिनेच त्याची चोरी उघडी पाडली.

राजाने ती पाच माणके आपल्या भांडारातल्या पुष्कळ माणकांत मिसळली आणि समुद्रदत्ताला म्हणाला, “यांतली तुझी असतील ती घे.” समुद्रदत्ताने नेमकी आपली पाच उचलली. सहावीला त्याने हात लावला नाही. सत्यघोषाला मात्र कठोर शिक्षा झाली.

बालमित्रांनो, गोष्ट येथे संपते. पण तिच्यातले एक वाक्य पुन्हा आठवा. पाच माणके गिळण्याच्या आधी सत्यघोष काय करीत असे? ‘थोडे देई आणि बाकीचे ठेवी.’ त्याची मोठी चोरी या लहान सवयीतून वाढली होती.

या सवयीच्या अगदी लहान रूपालाही आपल्या शास्त्रात नाव आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’त सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रताला लागणारा डाग. त्यांतला एक आहे ‘न्यासापहार’. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. आचार्य पूज्यपादांनी त्याचा अर्थ असा समजावला आहे : ठेव ठेवणारा आकडा विसरला, त्याने कमी मागितले आणि ठेव सांभाळणाऱ्याने “हो, तेवढेच” म्हटले, तर तो न्यासापहार.

समजा, एका आजींनी शिखरजीच्या यात्रेला निघताना ओळखीच्या दुकानदाराकडे बारा हजार रुपये ठेवले. परत आल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊ, माझे दहा हजार होते ना?” दुकानदाराला बारा हजार पक्के आठवत आहेत. तरी तो म्हणाला, “हो आजी, हे घ्या दहा.” आजी आशीर्वाद देऊन निघून गेल्या.

येथे भांडण झाले नाही, कोणी रडले नाही. दुकानदार मनाला समजावतो, ‘मी कुठे खोटे बोललो? आकडा तर आजींनीच सांगितला!’ पण त्याचा तो ‘हो’ खोटा होता. दोन हजार ठेवून घेणे ही चोरीच आहे, मग हा डाग सत्यव्रताचा का मानला? कारण येथे सारे काम त्या एका शब्दाने केले. तो शब्द न उच्चारता नुसती मान हलवली असती, तरी आजी फसल्याच असत्या.

दुकानदाराने काय म्हणायला हवे होते? “आजी, दहा नव्हे, बारा. ही पाहा वहीतली नोंद.” आणि आजी चुकून पंधरा म्हणाल्या असत्या, तर? तरीही हीच वही आणि हेच उत्तर, “आजी, बारा.” दुकानदार स्वतःच आकडा विसरला असेल, तर त्याने “हो” म्हणण्याची घाई करू नये, आधी वही उघडावी. खरोखरचे विसरणे आणि लोभाने गप्प राहणे यांत फरक आहे. तो बाहेरच्याला दिसत नाही. ज्याचा त्यालाच ठाऊक असतो.

आता तुमचे उदाहरण घ्या. मैत्रिणीने तुमच्याकडे बारा रंगीत पेन्सिली ठेवल्या. आठ दिवसांनी ती म्हणाली, “माझ्या अकराच होत्या ना?” बारावी पेन्सिल तुमच्या दप्तरात आहे, आणि ती नेमकी तुमच्या आवडत्या निळ्या रंगाची आहे. ती मैत्रीण सहा महिने चिंचेच्या झाडावर बसून ओरडणार नाही. एक पेन्सिल गेली हे तिला कळणारसुद्धा नाही. तुम्ही काय उत्तर द्याल?

पुढच्या रविवारी पाठशाळेत येताना घरी दोन गोष्टी विचारून या. पहिली, आपल्या दुकानात कोणी काही ठेवायला दिले, तर त्याची नोंद कोठे करतात? आणि दुसरी, ठेवणारा माणूस कधी आकडा विसरला होता का. आणि तेव्हा आजोबांनी त्याला काय सांगितले?