वहीतली बाकी, फाइलमधली बाकी

आजोबांच्या पतसंस्थेतल्या कर्जखात्याच्या नोंदी कुणी वहीत पाहून टाइप केल्या, तर त्या साधारण अशा दिसतात:

```
१/४/२४ मागील बाकी नावे १२,५००/-
५/४/२४ व्याज नावे ११०/-
  "    हप्ता जमा १,२००/- बाकी ११,४१०/-
```

सीएसव्ही फाइलमध्ये स्वल्पविराम आला की रकाना संपतो. म्हणजे १२,५०० मधले १२ एकीकडे आणि ५०० शेजारी! म्हणून रकमेतले स्वल्पविराम आणि ‘/-’ आधी काढा. तारखेखालची खूण म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. तिथे पूर्ण तारीख लिहा, नाहीतर क्रम बदलताच ती ओळ कुठल्या दिवसाची ते कळत नाही. आकडे इंग्रजी ठेवा, हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तेच सोयीचे.

```
दिनांक,तपशील,नावे,जमा
2024-04-01,मागील बाकी,12500,
2024-04-05,व्याज,110,
2024-04-05,हप्ता,,1200
```

आता नावेची बेरीज १२,६१०, त्यातून जमा १,२०० वजा केले की ११,४१० उरतात. वहीतली बाकीही तीच. समजा, व्याज ११० ऐवजी १०१ टाइप झाले, तर फरक ९ चा येईल. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत का, हे आधी पाहा. तारीख चुकली असेल तर मात्र बेरीज गप्पच राहते; ती वहीशीच ताडावी लागते.